भावाची पाठ

विमानतळावर सामान चढवणारा माझा धाकटा भाऊ आज आर्वीजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा एसटीतून उतरताना त्याने दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला होता. एका बॅगेची कमाल मर्यादा ३२ किलो असते, आणि कापसाची गाठोडी उचललेल्या या पोराला ते वजन नवे नव्हते. पण लहान विमानाच्या पोटात उभे राहता येत नाही, गुडघ्यांवर बसून कंबर वळवावी लागते. पाठ धरली त्या दिवशी बॅगा वर चढवणारा पट्ट्याचा लोडर बंद होता, म्हणून खालून हातानेच दिलेली बॅग त्याने ओढून वळवली. प्रशिक्षणात मात्र फक्त उभ्याने उचलणे शिकवले होते! आता कळ पोटरीपर्यंत उतरते, पायाचा अंगठा बधिर आहे. मणक्यातली गादी नस दाबत असावी, असे डॉक्टर म्हणाले. उद्या वर्ध्याला एमआरआय आहे.