घशातली थैली आणि ‘सामान्य’ रिपोर्ट

माझ्या घशात गुडगुड वाजते हे मला आधी कळलंच नाही, ते आमच्या हिला कळलं. जेवून वर्तमानपत्र वाचत बसलो की ती म्हणायची, “तुमचा नळ वाहतोय बघा.” पाणी प्यायलो की मानेतून, डाव्या बाजूने, बाटली उपडी केल्यासारखा आवाज यायचा. वय ७३. या वयात शरीर काही ना काही आवाज करणारच, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग घास परत यायला लागला. ही उलटी नव्हे, हे मी प्रत्येक डॉक्टरला सांगत होतो आणि प्रत्येक डॉक्टर कागदावर ‘उलटी’ लिहीत होता. मळमळ नाही, पोटातून ढवळून येणं नाही, आंबट चव नाही. वाकून चपला घालायला गेलो की तीन तासांपूर्वी खाल्लेले मटारचे दाणे, खाल्ले तसे, अख्खे तोंडात. एकदा सकाळी रात्रीची ब्लडप्रेशरची गोळी अर्धवट विरघळलेली जिभेवर आली. महिनाभर माझं प्रेशर का वरखाली होत होतं ते तेव्हा उमगलं, पण गोळी कुठे थांबली होती ते नाही. रात्री आडवा झालो की ठसका. तोंडाला वास येतो म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. दात ठीक होते.

आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. त्यावर मी फार लिहीत नाही, कारण खरा राग पुढचा आहे.

पोटाच्या डॉक्टरांनी शेवटी बेरियम स्वॉलो लिहून दिलं. म्हणजे पांढरं, खडूच्या पाण्यासारखं द्रावण प्यायचं, आणि ते खाली जाताना एक्स-रेवर बघायचं. फॉर्मवर ‘कारण’ अशी एक ओळ असते. तिथे त्यांनी दोन शब्द लिहिले: ‘ॲसिडिटी, उलटी’. त्या दोन शब्दांनी माझे साडेतीन महिने खाल्ले.

तपासणीच्या खोलीत मला उभं केलं, समोरून छातीची चित्रं घेतली, मग आडवं करून पोटाची घेतली. ॲसिडिटी म्हटल्यावर माणूस छातीखालीच बघणार, त्याचं काय चुकलं? रिपोर्ट आला: अन्ननलिका सामान्य, जठर सामान्य. डॉक्टरांनी तो वाचला, चित्रं पाहिली नाहीत, आणि म्हणाले, “काका, काही नाही. वयोमानाने होतं. हवं तर एकदा दुर्बीण टाकून बघू.” दुर्बिणीची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. मी कागद घेऊन घरी आलो. ‘सामान्य’ लिहिलेला कागद हातात असला की घरचेही तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. मुलगी म्हणाली, “बाबा, भराभर खाता तुम्ही.”

दुर्बिणीची तारीख यायच्या आत ठसक्याचं वाढलं, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी गुडगुडीचं ऐकून घेतलं, पेलाभर पाणी प्यायला लावलं आणि माझ्या मानेवर डावीकडे दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं. गुडगुड झाली. खोलीतल्या नर्सलाही ऐकू गेली. “कधीपासून?” एवढंच त्यांनी विचारलं. मग मी आणलेली बेरियमची चित्रं प्रकाशासमोर धरली आणि म्हणाल्या, “यात तुमचा घसाच नाहीये.” खरंच नव्हता. चित्र गळपट्टीच्या हाडाखालून सुरू होत होतं. सामान्य होतं ते सगळं खरंच सामान्य होतं, फक्त बिघाड चौकटीच्या चार बोटं वर होता.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. घसा जिथे संपतो आणि अन्ननलिका सुरू होते तिथे स्नायूचा एक आडवा पट्टा असतो. एरवी तो आवळलेला असतो, गिळताना क्षणभर सैल पडतो. उतारवयात काहींचा तो ताठर होऊन पुरेसा उघडत नाही. वरून घास ढकलला जातो, खाली दार अर्धंच उघडतं. त्या पट्ट्याच्या लगेच वर, मागच्या बाजूला, स्नायूंच्या थरात एक जन्मजात कमकुवत जागा असते. दाब तिथे पडत राहतो आणि वर्षानुवर्षांनी आतलं अस्तर तिथून मागे फुगून थैली होते. तिला झेंकर डायव्हर्टिक्युलम म्हणतात. झेंकर हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ, त्यांनी १८७७ साली अशा रुग्णांची माहिती एकत्र मांडली. थैलीत पडलेलं अन्न पोटापर्यंत पोचलेलंच नसतं, म्हणून ते आंबट लागत नाही आणि पचलेलंही नसतं. माझे मटार मला आठवले.

“आणि ती दुर्बीण आधी रद्द करा,” त्या म्हणाल्या. थैलीचं तोंड बहुतेक वेळा सरळ रेषेत असतं आणि अन्ननलिकेचं पुढे, कडेला ढकललेलं. थैली आहे हे माहीत नसताना दुर्बीण आत सरकवली तर ती थैलीतच शिरू शकते, आणि तिची भिंत पातळ, भोक पडू शकतं. गिळायला त्रास, न पचलेलं परत येणं आणि मानेत गुडगुड अशी तिन्ही लक्षणं असतील तर आधी बेरियम. आणि दुर्बीण टाकणाऱ्याला थैलीचा संशय तोंडाने सांगा, फाइलवर विसंबू नका.

नवा फॉर्म घेऊन मी पुन्हा खिडकीवर. तिथल्या माणसाने संगणकात बघितलं आणि म्हणाला, “बेरियम झालंय की तुमचं. दोन महिन्यांपूर्वीच. पुन्हा कशाला?” मी सांगितलं, घसा राहिला. तो म्हणाला, त्याच नावाची तपासणी पुन्हा हवी तर आधीच्या डॉक्टरांची सही लागेल. आधीचे डॉक्टर रजेवर. पुढच्या आठवड्यात गेलो, तर सही होती पण गिळतानाचं चलचित्र घेणारं यंत्र आठवड्यातून एकच दिवस चालतं म्हणे, आणि पाच आठवडे भरलेले. खिडकीसमोरच्या बाकावर बसून मी घरून आणलेलं पाणी प्यायलो आणि माझी मान सगळ्या रांगेसमोर गुडगुडली. शेजारच्या आजी सरकून बसल्या. त्या दिवशी मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पाच आठवड्यांत तीन किलो वजन गेलं, कारण रात्रीचं जेवण मीच बंद केलं होतं.

या फॉर्मवर बाईंनी काय लिहिलं होतं ते सांगतो, कारण हेच कामाचं आहे: ‘घशाच्या थैलीचा संशय. घशापासून सुरुवात करावी. बाजूने व समोरून, गिळताना चलचित्र. श्वासनलिकेत जातं का पाहावं.’ बाजूने हा शब्द महत्त्वाचा. समोरून पाहिलं तर लहान थैली अन्ननलिकेतल्या बेरियमच्या मागे झाकली जाऊ शकते. थैली मागच्या बाजूला असते, म्हणून ती कुशीतूनच नीट दिसते.

तपासणी स्वतः पाच-सात मिनिटांची. कुशीवर वळून उभा राहिलो, घोट तोंडात धरला, “गिळा” म्हटल्यावर गिळला. पडदा माझ्या बाजूला वळवलेला होता. पांढरी रेघ खाली आली, मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी मागून एक बोट आत दाबल्यासारखी खाच दिसली, तोच तो न उघडणारा पट्टा. आणि त्याच्या वर, मागे, पिशवी भरायला लागली. गोल तळाची, सुमारे चार सेंटिमीटर. थोडंसं पांढरं कडेवरून सांडून अन्ननलिकेत गेलं. गिळणं संपलं, बाकी सगळं रिकामं झालं, पिशवी भरलेलीच. मग मला घशात ते ओळखीचं चढणं जाणवलं आणि त्याच क्षणी पडद्यावर पांढरं वर चढताना दिसलं. आतून दीड वर्ष जे जाणवत होतं ते बाहेरून बघताना मला, खरं सांगतो, आनंद झाला. एक बारीक रेघ श्वासनलिकेच्या तोंडाशीही गेली. ठसका तिथून येत होता. ते दुर्लक्षित राहिलं असतं तर न्यूमोनियापर्यंत गेलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

बेरियमनंतर दोन दिवस भरपूर पाणी प्या. शौचाला पांढरं होतं आणि खडा धरतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. उपचार तोंडातून, मानेवर काप नाही. पूर्ण भूल देऊन दोन ओठांची नळी तोंडातून आत घालतात. एक ओठ थैलीत, एक अन्ननलिकेत, आणि मधे उरते ती दोघांमधली भिंत. तो आवळलेला पट्टा याच भिंतीत असतो. स्टेपलर ती कापतो आणि कापता कापता दोन्ही कडा टाचतो. थैली काढत नाहीत. मधली भिंत गेली की थैली आणि अन्ननलिका मिळून एकच वाट होते आणि घास साचत नाही. स्टेपलरच्या टोकाशी थोडी भिंत न कापता राहते, म्हणून फार लहान थैलीला तो उपयोगी पडत नाही. मान मागे वळत नसेल, तोंड कमी उघडत असेल किंवा पुढचे दात आड येत असतील तर ताठ नळी बसतच नाही. मग लवचीक दुर्बिणीतून भिंत कापतात किंवा मानेवरून शस्त्रक्रिया करतात. यातलं काहीही करावं लागेल, अशी सही माझ्याकडून आधी घेतली होती. माझा पुढचा एक दात हलत होता, तो मी आधीच दाखवला.

भूलतज्ज्ञांना एक गोष्ट सांगायची राहू देऊ नका. तुम्ही आठ तास उपाशी असलात तरी थैली उपाशी नसते. मला आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ दिले होते, आणि तरीही भूल देताना मला अर्धवट बसवलेलं ठेवलं होतं.

शस्त्रक्रियेनंतर ताप येतो का, छातीत किंवा पाठीत कळ येते का आणि मानेची कातडी दाबल्यावर चुरचुरते का, एवढंच रात्रभर पाहत होते. चुरचुर म्हणजे कुठेतरी भोक पडून हवा कातडीखाली आली. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला घोट घेतला. ही कान लावून बसली होती. आवाज नाही. आठवडाभर मऊ खाणं, घसा दुखला तेवढाच.

तीन महिन्यांनी पुन्हा बेरियम केलं आणि रिपोर्टमध्ये ‘थैली दिसते’ वाचून माझ्या पोटात गोळा आला. बाई म्हणाल्या, दिसणारच, ती काढलेलीच नाही. आत काही साचत नाही ना, ते बघा. यात पुन्हा थैली भरू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. गुडगुड परत आली तर त्या दिवशी यायचं.

आणि हो, रिपोर्टसोबत चित्रांची सीडी मागून घ्या. मला ती पहिल्यांदा ‘लागत नाही’ म्हणून देत नव्हते, छापील चित्रंही मी हट्टाने घेतली होती. ती नसती तर त्यात घसा नाही हे कोणाला दिसलं असतं?