सुटल्यावरची भेळ आणि शेव-फरसाणाच्या मुठीचा हिशेब

माझ्या शरीराला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात आणि मी १६०० खायचं ठरवलंय. म्हणजे रोजची तूट ४००. नाश्ता ३००, कामावरचा डबा ४००, दोन चहा आणि दुपारचे मूठभर फुटाणे मिळून २००, रात्रीचं जेवण ४३०. उरतात २७०. या २७० मध्ये माझी संध्याकाळ बसवायची आहे, आणि संध्याकाळ म्हणजे शिरोली एमआयडीसीतून सुटून पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल, ताराराणी पुतळा करत राजारामपुरीत घरी पोचेपर्यंतचा रस्ता. या रस्त्यावर काय काय तळलं जातं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

रोज मन मारून गाडी पुढे काढायची, हा मार्ग मला पटला नाही. चाट मला मनापासून आवडतं आणि ते कायमचं सोडायचा माझा विचार नाही. म्हणून मी खायचं ठरवलं, पण आधी ते मोजायचं ठरवलं. सुरुवात भेळेपासून केली, कारण भेळ हलकी असते असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

नेहमीच्या गाडीवरच्या मामांना म्हटलं, "मामा, एक भेळ पार्सल द्या, पण कालवू नका. चुरमुरे, फरसाण, शेव, चटणी, कांदा-टोमॅटो सगळं वेगवेगळ्या पुड्यांत बांधा. एका प्लेटला जेवढं घालता तेवढंच."

"आनि घरात जाऊन कालवनार व्हय ताई? मऊ पडंल की."

"कालवणार नाही, तोलणार आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि नीट बांधून दिलं. घरी स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा आहे. त्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि एकेक पुडी ओतली. चुरमुरे निघाले ४५ ग्रॅम. शेव आणि फरसाण मिळून ६०. शेंगदाणे १०, कांदा-टोमॅटो ५०, चिंच-गुळाची चटणी ४०.

चुरमुऱ्याच्या एका ग्रॅमला पावणेचारच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ४५ ग्रॅमचे १७०. शेव-फरसाण बेसनाचं असलं तरी तळताना तेल पितं, त्यामुळे त्याच्या ग्रॅमला साडेपाचच्या जवळपास जातात. ६० ग्रॅमचे झाले ३२५. शेंगदाण्याचे ५५, चटणीतल्या गुळाचे ६० आणि कांदा-टोमॅटोचे जेमतेम २०. एकूण ६३०. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या शेव-फरसाणाचे.

डोळ्यांना मात्र हे दिसत नाही. ४५ ग्रॅम चुरमुऱ्यांनी माझं मोठं पातेलं भरलं होतं आणि ६० ग्रॅम फरसाण आमटीच्या वाटीत मावलं. गाडीवर भेळ कालवून हातात आली की आपल्याला चुरमुऱ्यांचा ढीग दिसतो, म्हणून ती हलकी वाटते. भडंगाचंही तसंच आहे. तेही चुरमुरेच, पण तेलात परतलेले आणि शेंगदाणे घातलेले. भडंगाचा आकडा मी चुरमुऱ्यांचा धरत नाही.

आता ६३० मधून माझ्या वाट्याचे २७० वजा केले की ३६० वरचे उरतात, आणि माझी दिवसाची तूट ४००. म्हणजे दिवसभर पाळलेलं जवळजवळ सगळं एका प्लेटीत भरून निघतं. "मी तर काहीच खात नाही, संध्याकाळी थोडी भेळ तेवढी, तरी वजन हलत नाही" असं आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना फक्त ती वाटीभर फरसाणाची जागा दाखवायला हवी.

यानंतरचं काम गाडीवर बोलायचं होतं, आणि ते काट्यापेक्षा अवघड निघालं. "कमी तेलाचं द्या", "डाएटचं द्या" असं सांगून उपयोग होत नाही, कारण भेळ करणाऱ्याच्या हाताला त्यातून काहीच कळत नाही. त्याला जिन्नस आणि माप सांगावं लागतं. मी आता असं सांगते: "चुरमुरे थोडे कमी, फरसाण नको, शेव वरून फक्त चिमूटभर, त्याऐवजी फुटाणे घाला. कांदा-टोमॅटो दुप्पट, गोड चटणी एकच चमचा, तिखट हवं तेवढं, लिंबू पिळा."

मामा पहिल्यांदा म्हणाले, "फरसान न्हाई तर मग त्येला भेळ कशाला म्हनायचं ताई?" पण करून दिली. ठेचा आणि कोथिंबीर त्यांनी आपण होऊन जास्त घातली, आणि ते बरोबरच होतं, कारण फरसाणाचा खमंगपणा काढला की तिथं तिखट-आंबट वाढवावं लागतं. कैरीच्या दिवसांत कैरी पडली की शेवेची आठवणही येत नाही. हीही भेळ एकदा पुड्या बांधून घरी आणली आणि तोलली. चुरमुरे ३० ग्रॅम म्हणजे ११०, शेव ८ ग्रॅम म्हणजे ४५, फुटाणे १५ ग्रॅम म्हणजे ५५, कांदा-टोमॅटो १०० ग्रॅमचे ३५, चटणीचे २०. एकूण २६५. फुटाणे हे भाजलेले हरभरेच, त्यामुळे त्यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात आणि पोटाला आधार राहतो. नुसत्या चुरमुऱ्यांवर घरी पोचेपर्यंत परत भूक लागायची, ती आता लागत नाही. शेव पूर्ण बंद मी केली नाही. वरच्या चिमटीनं पहिल्या घासाला जो कुरकुरीतपणा येतो तो ४५ कॅलरींत मिळत असेल तर मला तो हवा आहे.

भेळेच्या उलट पाणीपुरी. ती मोजून मिळते, हा तिचा फार मोठा गुण. घरी आणलेल्या रिकाम्या पुऱ्या तोलल्या तर एक साधारण ४ ग्रॅमची भरली. तळलेली असल्यामुळे तिचे २० धरायचे, आत रगडा किंवा बटाट्याचे १५. म्हणजे एक पुरी ३५ आणि सहांची प्लेट २१०. तिखट पाण्याचं जवळजवळ काहीच धरावं लागत नाही, गोड पाण्यात मात्र गूळ असतो. शेवटी प्रेमानं दिली जाणारी सुकी पुरी हीसुद्धा पुरीच आहे आणि तिच्यावर शेव असते, म्हणून ती हवी असेल तर मी पाच पाण्याच्या आणि एक सुकी घेते. शेवपुरी आणि दहीपुरी याच पुऱ्यांवर उभ्या असल्या तरी तिथं परत शेवेची मूठ येते, वर गोड दही. त्या मी या रस्त्यावर घेत नाही. पावसाळ्यात पाणी कुठलं वापरलंय याची खात्री नसेल तर पाणीपुरीही नाही. तेव्हा कणीस.

भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ-तिखट चोळून, हे माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त खाणं, पैशानंही आणि कॅलरीनंही. मध्यम कणसाचे मी सव्वाशे धरते. रंकाळ्यावर कुणाबरोबर गेले तर तेच घेते, कारण ते दातांनी सोलून खायला वेळ लागतो आणि तोवर बाकीच्यांची भेळ संपलेली असते. कपातल्या स्वीट कॉर्नमध्ये मात्र लोण्याचा मोठा चमचा पडतो. एवढ्या लोण्याचेच १०० होतात, म्हणजे जवळजवळ दुसरं कणीस. बटर नको म्हणून आधीच सांगावं लागतं, कारण कप भरल्यावर ते काढता येत नाही.

राहिली मिसळ. ती मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. कटातलं तेल बाहेरून समजत नाही. वर तवंग किती दिसतो ते चमच्याच्या डुबकीवर ठरतं, आणि तेलाच्या एका मोठ्या चमच्याला सव्वाशेपर्यंत जातात. असे दोन-तीन चमचे एका वाटी कटात सहज असू शकतात. कटवड्यात तर तळलेला वडाही त्यातच. ज्या पदार्थाचा आकडा दोनशे-तीनशेनं इकडंतिकडं होऊ शकतो तो २७० च्या जागेत बसवायचा खटाटोपच चुकीचा. म्हणून मिसळ मी जाता जाता खात नाही, जेवण म्हणून खाते. त्या रात्री घरी जेवण नाही, म्हणजे हातात ७०० असतात. उसळ जास्त, फरसाण निम्मं, कट वेगळ्या वाटीत आणि पातळ रस्सा हवा तेवढा, पावाच्या दोन स्लाइस. तरीही आकडा अंदाजाचाच, हे मी मान्य करून खाते.

एक गोष्ट सुरुवातीला कुणीतरी सांगायला हवी असते. चाट खारट असतं, आणि मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवतं. भेळ किंवा मिसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाटा अर्धा-एक किलो जास्त दाखवू शकतो. ती चरबी नसते. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी लागतात, आणि तेवढ्या एका संध्याकाळी कुठल्याच गाडीवर खाता येत नाहीत. एक-दोन दिवसांत पाणी उतरतं. म्हणून मी रोजचा आकडा लिहून ठेवते, पण बघते आठवड्याची सरासरी, आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशीच ताडते. ४०० ची तूट खरी असेल तर ती आठवड्याला पाव ते अर्धा किलोच्या मधे उतरायला हवी.

दोन-तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही की मी जेवण कमी करत नाही. आधी भेळ परत पुड्यांत बांधून आणते आणि तोलते, कारण मुठीचं माप हळूहळू वाढतं. मामा ओळखीचे झाले तसे चिमूटभर शेवेचे तीन चिमटे झाले होते, काट्यावर २२ ग्रॅम. मामांचा मुलगा गाडीवर असला की चुरमुरेही जास्त पडतात. आता तो असेल त्या दिवशी मी कालवायच्या आधीच परातीत बघून घेते आणि म्हणते, "भावा, शेव एवढीच, राहिलेली परत डब्यात घाल."