कव्हर लेटरमधल्या दोन स्क्रिप्ट्स

आमच्या ऑटोमेशन टीममधल्या ज्युनिअरच्या जागेसाठी आलेले अर्ज त्या दिवशी माझ्याकडे होते. बहुतेक कव्हर लेटर्समध्ये शिकलेल्या टूल्सची यादी असते, आणि यादीवरून माणसाने प्रत्यक्ष काय केलंय याचा पत्ता लागत नाही. एका पत्रात मात्र यादीच नव्हती. घरच्या घाऊक पुरवठ्याच्या व्यवसायासाठी लिहिलेल्या दोन छोट्या स्क्रिप्ट्सबद्दल दोन परिच्छेद होते. वाचून होताच मी ते पत्र शेजारच्या सहकाऱ्यापुढे ठेवलं.

पहिली स्क्रिप्ट बँकेच्या स्टेटमेंटमधल्या जमा रकमा बिलांशी जुळवणारी. अर्जदार मुलीने लिहिलं होतं की सुरुवातीला काही बिलांचे पैसे बिल काढायच्या आधीच जमा झालेले दिसत होते. कारण तारखांमध्ये होतं. स्टेटमेंटमधल्या तारखेतलं 03/04 म्हणजे 3 एप्रिल, पण पांडास या पायथॉन लायब्ररीला काही सांगितलं नाही तर ती महिना आधी धरते आणि 4 मार्च वाचते. दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये असतात, त्यामुळे एररही येत नाही. 28 मार्चच्या बिलाची रक्कम 4 मार्चला जमा झालेली दिसली, तेव्हा कुठे तिला संशय आला. दुरुस्ती एका ओळीची होती आणि ती ओळ तिने पत्रातच दिली होती:

```python
df["date"] = pd.to_datetime(df["date"], format="%d/%m/%Y")
```

यामुळे या साच्यात न बसणारी तारीख आली तर स्क्रिप्ट अंदाज न बांधता थांबते. हिशेबाच्या कामात मला हेच वागणं हवं असतं. थांबलेली स्क्रिप्ट लगेच कुणाच्या तरी लक्षात येते. चुकीची जुळणी महिनोन्‌महिने तशीच राहू शकते.

पण मी अडकलो ते दुसऱ्या परिच्छेदात. थकलेल्या बिलांची आठवण ईमेलने पाठवणारी ही स्क्रिप्ट एकदा मध्येच बंद पडली. पुन्हा चालवल्यावर काही ग्राहकांना तेच पत्र दुसऱ्यांदा गेलं. कारण स्क्रिप्ट आधी सगळी मेल पाठवायची आणि शेवटी एकदाच फाइलमध्ये नोंद करायची. मग तिने प्रत्येक मेलची नोंद वेगळी केली. पाठवण्याआधी ओळीपुढे `pending`, पाठवून झाल्यावर `sent`. पुन्हा चालवताना `sent` असलेल्या ओळी वगळल्या जातात. आणि `pending` राहिलेल्यांना स्क्रिप्ट हातच लावत नाही, त्यांची यादी माणसापुढे ठेवते.

अनुभवी लोकसुद्धा इथे चाचपडतात. नोंद आधी करून नंतर मेल पाठवलं आणि मध्येच वीज गेली, तर मेल जात नाही आणि नोंद मात्र 'गेलं' म्हणते. नोंद नंतर केली, तर तेच मेल दोनदा जाऊ शकतं. मेल पाठवणं आणि फाइलमध्ये लिहिणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, त्यांच्या मधली फट पूर्णपणे बुजवता येत नाही. फटीत नेमकी कुठली ओळ सापडली, एवढं मात्र ओळखता येतं. तिची `pending` नोंद तेवढंच सांगत होती, आणि पुढचा निर्णय तिने माणसावर सोडला होता. ग्राहकाला पैशांची आठवण दोनदा गेली तर नातं बिघडतं, असं कारणही तिने लिहिलं होतं.

दुपारी तिच्याशी फोनवर बोलणं झालं. मी विचारलं, "`pending` ओळीचं मेल गेलं की नाही, हे माणूस कसं ठरवणार?"

"आधी सेंट फोल्डर बघायचो. पण स्क्रिप्टने एसएमटीपीवरून पाठवलेलं मेल तिथे दिसेलच असं नाही सर, ते मेल सेवेवर अवलंबून असतं. म्हणून प्रत्येक मेलची बीसीसी प्रत आमच्याच पत्त्यावर घेते."

"आणि प्रत आली, म्हणजे ग्राहकालाही पोचलं?"

"नाही. सर्व्हरने मेल स्वीकारलं एवढंच कळतं. परत आलेली मेल वेगळी बघावी लागतात."

मला हेच ऐकायचं होतं. आपलं काम कुठवर खात्री देतं आणि कुठे ती संपते, हे तिला बरोबर माहीत होतं.

उणिवाही होत्या. दोन्ही स्क्रिप्ट्स एकाच कॉम्प्युटरवर होत्या आणि गिट वापरलं नव्हतं. जुन्या आवृत्त्या `final2` अशा नावांनी ठेवलेल्या. स्वयंचलित चाचण्याही नव्हत्या. सहकारी म्हणाला, "हे शिकवता येईल." मला पटलं. गिटची रोजची कामं थोड्याच दिवसांत अंगवळणी पडतात. स्क्रिप्ट अर्ध्यात तुटली तर पलीकडच्या माणसाला काय सोसावं लागेल, हा विचार शिकवायला फार वेळ लागतो.

शेऱ्याच्या जागी मी पत्रातला दुसरा परिच्छेद जसाच्या तसा उतरवला आणि पुढच्या फेरीसाठी तिचं नाव पाठवलं. त्या फेरीत तिला अर्ध्यात थांबलेली एक स्क्रिप्ट आणि तिची लॉग फाइल द्यावी, असंही सुचवलं. कोड लिहून मागण्यापेक्षा कुठल्या ओळी सुरक्षितपणे पुन्हा चालवता येतील, हे तिच्याकडून ऐकावं.