तीस मार्चचं बिल, दोन एप्रिलची पोच

मे महिना, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, आणि डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. ऑडिटला गेलो की मी मार्चची शेवटची आणि एप्रिलची पहिली दहा बिलं आधी काढतो. सोबत बिल्टी आणि ई-वे बिलं. घोळ असला तर तिथंच असतो.

एक बिल अडलं. तारीख ३० मार्च, कर सोडून रक्कम ४,८०,०००. माल त्याच दिवशी ट्रान्सपोर्टला दिलेला. पण नागपूरच्या व्यापाऱ्याच्या पोचपावतीवर सही होती २ एप्रिलची.

"बिल मार्चचं, म्हणजे विक्री मार्चची. त्यात काय बघायचं?" शेठ म्हणाले. बँकेला उलाढाल दाखवायची होती, हे त्यांनी लपवलंही नाही.

मी ऑर्डरचा कागद मागितला. मुनीमजी तेलुगूत काहीतरी पुटपुटत उठले. कागदावर लिहिलं होतं: माल गोदामात पोच, भाडं आणि वाटेतली जोखीम विकणाऱ्याची. विमाही शेठनीच काढलेला.

"शेठ, ३१ तारखेला ट्रक उलटला असता तर नुकसान कुणाचं?"

"आमचंच की हो."

मग ३१ मार्चला माल अजून त्यांचाच होता आणि विक्री एप्रिलची. ऑर्डरीत 'कारखान्यातून उचल, पुढं जोखीम खरेदीदाराची' असं असतं, तर हेच बिल मी मार्चमध्ये ठेवलं असतं.

मुनीमजींनी लगेच विक्रीतून ४,८०,००० वजा केले. नफा तेवढाच घसरलेला बघून शेठचा चेहरा उतरला. पण इथंच पुष्कळ जण चुकतात. ३१ मार्चची स्टॉकमोजणी गोदामात झाली होती. वाटेतले गठ्ठे कुणी मोजलेच नव्हते. विक्री काढली, तर तो माल उत्पादनखर्चाच्या भावानं अखेरच्या साठ्यात धरावा लागतो. तो होता ४,१०,०००. म्हणजे या वर्षाचा नफा कमी झाला फक्त ७०,००० नं, आणि तोही पुढच्या वर्षात येणारच.

"मग जीएसटीचं रिटर्न दुरुस्त करायचं का?" मुनीमजींनी विचारलं. नाही. माल हलवताना बिल काढावंच लागतं आणि मालावरचा कर बिलाच्या तारखेला लागतो. त्यामुळं कर मार्चच्याच रिटर्नमध्ये राहणार. हिशोबाची उलाढाल आणि जीएसटीची उलाढाल यांत ४,८०,००० चा फरक पडेल; त्याचा मेळ लिहून ठेवायचा. नागपूरवाल्यानं मात्र या कराचं क्रेडिट माल हातात आल्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये घ्यायचं.

शेठनी चहा मागवला. मुनीमजी मात्र बिल्ट्यांच्या फायलीकडं बघत बसले होते.

"साहेब, गेल्या वर्षीच्या मार्चलाही याच पार्टीला दोन गाड्या गेल्या होत्या. त्या आम्ही मार्चमध्येच धरल्यात."

मी बंद केलेली फाईल परत उघडली. तेव्हा पोच एप्रिलची निघाली, तर ती विक्री याच वर्षाची ठरणार होती.