नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

तुम्ही विचारलंत म्हणून: “सर, जर्मन लोक स्वतःला डॉइच म्हणतात. आपण त्यांना जर्मन म्हणतो, तरी ते काही चिडत नाहीत. मग एस्किमोंना एस्किमो म्हटलं तर एवढं काय बिघडतं?”

मी कोल्हापुरात भूगोल शिकवत आलो. टुंड्रा प्रदेश फळ्यावर काढला, शेजारी इग्लू काढलं, की दरवर्षी कुणीतरी हात वर करतं. आता मोठी माणसंही विचारतात, आणि विचारताना त्यांच्या मनात उत्तर तयार असतं: त्या शब्दाचा अर्थ वाईट असणार. म्हणून आधी अर्थाचंच बघू.

बहुतेकांनी ऐकलेलं असतं की एस्किमो म्हणजे ‘कच्चं मांस खाणारे’. हा अर्थ पुस्तकांतून इतका फिरला की कॅनडातल्या त्या लोकांनाही तोच सांगितला गेला. शब्द मुळात त्यांचा नाहीच. त्यांच्या दक्षिणेला राहणाऱ्या, वेगळ्या भाषाकुळातल्या लोकांचा तो शब्द, फ्रेंचांनी उचलला आणि जगभर नेला. भाषाशास्त्रज्ञांनी त्या दक्षिणेकडच्या भाषा नीट तपासल्या तेव्हा आज बहुतेकांना पटणारा अर्थ पुढे आला, तो असा: बर्फावरून चालताना पाय रुतू नये म्हणून पायाला जाळीच्या चौकटी बांधतात, त्यांची जाळी विणणारे. यात अपमान कुठे आहे? आपल्याकडे कोष्टी म्हणतात तसंच झालं.

आणि आता जर्मनांकडे या. रशियन माणूस जर्मनाला ‘नेमेत्स’ म्हणतो, पोलिश माणूस त्यांच्या देशाला ‘निएम्त्सी’. या शब्दांचं मूळ ‘मुका’ या शब्दात आहे. आपली भाषा ज्यांना येत नाही ते मुकेच, असा तो हिशोब. म्हणजे जाळी विणणाऱ्यांना राग येतो आणि मुके म्हटलेल्यांना येत नाही. अर्थावरून राग ठरत असता तर हे नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

मला याचं उत्तर पुस्तकात सापडण्याआधी परळच्या एका खोलीत सापडलं होतं. शिक्षण संपवून काही महिने मी मुंबईत मामाकडे राहिलो आणि एका कचेरीत तात्पुरत्या कामाला लागलो. एकदा एक कागद चुकीच्या फायलीत गेला. चूक माझी नव्हती. पण वरच्या साहेबांनी न बघताच म्हटलं, “घाटी आहे तो, त्याला काय कळणार.” घाटी म्हणजे घाटावरचा. खरंच आहे की! करूळ, फोंडा, आंबोली चढून वर आलं की आमचाच मुलूख लागतो. कोकणातली माझी आत्या “घाटावरनं पोरं आलीत गं” असं शेजारणीला ओरडून सांगायची, तेव्हा आम्हाला आता घावणे मिळणार एवढंच कळायचं. तोच घाट, तीच आम्ही माणसं. पण आत्याच्या हातात घावणे होते आणि साहेबांच्या हातात माझी नोकरी होती. त्या दिवशी मला कळलं की नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फक्त अनुस्वाराचं अंतर आहे, आणि तो अनुस्वार शब्दकोशात नसतो, बोलणाऱ्याच्या जागेत असतो.

पोलिश माणसाच्या ‘मुके’ या शब्दाला अशी जागाच नव्हती. पोलंडचा मोठा भाग शंभराहून जास्त वर्षं प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यात होता. जर्मनांचं नाव कुठल्या वहीत कसं लिहायचं हे पोलिश माणूस ठरवत नव्हता, उलट पोलिश माणसाचं नाव जर्मन कारकून लिहीत होता.

एस्किमो या शब्दाचं दुखणं तिथेच, वहीत आहे. उत्तर कॅनडातल्या या लोकांत आडनाव ही गोष्टच नव्हती. मूल जन्मलं की नुकत्याच गेलेल्या कुणाचं तरी नाव त्याला द्यायचे, मग ते माणूस बाई असो की बाप्या. नावासोबत त्या गेलेल्या माणसाचं नातंही यायचं. आजोबांचं नाव मिळालेल्या मुलीला आई सहज ‘बाबा’ म्हणून हाक मारू शकते. मिशनरी आले त्यांनी बायबलमधली नावं दिली, ती लोकांच्या उच्चारात वेगळीच झाली, आणि पोलीस, डॉक्टर, व्यापारी प्रत्येकजण एकाच माणसाचं नाव वेगवेगळं लिहू लागला. यावर सरकारने 1941 पासून उपाय काढला तो चकतीचा. नाण्यापेक्षा थोडी मोठी, दाबलेल्या तंतूंची किंवा चामड्याची गोल चकती, वर दोरा ओवायला भोक. मध्ये राजमुकुट आणि त्याच्याभोवती इंग्रजीत छापलेलं: ‘एस्किमो ओळखचिन्ह, कॅनडा’. मागच्या बाजूला नंबर. पूर्वेकडच्यांना ‘ई’ अक्षर, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’, पुढे विभागाचा आकडा आणि मग माणसाचा. ही चकती गळ्यात किंवा मनगटाला बांधायची अपेक्षा असे. दवाखान्यात, शाळेत, मुलांचा सरकारी भत्ता घेताना विचारलं जायचं ते नाव नव्हे, नंबर.

त्याच देशातल्या गोऱ्या माणसाला असली चकती नव्हती, हे लक्षात घ्या. आता त्या चकतीवर गोल फिरणारा शब्द वाचणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही सांगून बघा की आजी, याचा मूळ अर्थ फक्त जाळी विणणारे असा आहे. तिला अर्थ पुस्तकातून कळलेला नाही. तिच्या गळ्यात दोऱ्याला बांधून तो आलेला आहे.

चकत्या गेल्या त्याही आपोआप नाही. 1968 ते 1971 या काळात एब ओकपिक नावाचा, त्यांच्यातलाच माणूस वस्तीवस्तीवर फिरला, घरोघरी बसला आणि प्रत्येक कुटुंबाला विचारून आडनाव नोंदवत गेला. आडनाव हीसुद्धा बाहेरचीच पद्धत, पण निदान ते ज्याचं त्याने निवडलं. त्यानंतर 1977 मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो गावी अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडमधले प्रतिनिधी जमले. तिथे सुरू झालेल्या संघटनेने स्वतःसाठी ‘इनुइट’ हा शब्द घेतला. 1982 च्या कॅनडाच्या राज्यघटनेतही हाच शब्द आहे. ती परिषद जिथे भरली त्या बॅरो गावानेही 2016 मध्ये मतदान घेऊन आपलं जुनं नाव, उत्कियाग्विक, परत घेतलं.

इनुइट म्हणजे माणसं. एवढंच. जगातल्या कितीतरी जमातींची स्वतःची नावं अशीच असतात. शब्द वापरताना एक बारकावा सांभाळायला हवा. एक माणूस असेल तर इनुक, दोघं असतील तर इनूक, आणि तीन किंवा जास्त असतील तर इनुइट. संस्कृतचं द्विवचन पाठ केलेल्यांना हे लगेच कळेल. म्हणून ‘एक इनुइट शिकारी’ असं आपण लिहितो ते त्यांच्या कानाला ‘एक माणसं शिकारी’ असं लागतं.

आणि इथेच मला मुलांना थांबवावं लागतं, कारण ती उत्साहाने जुन्या पुस्तकातला प्रत्येक ‘एस्किमो’ खोडून वर ‘इनुइट’ लिहायला बसतात. तसं केलं तर दुसरी चूक होते. नैर्ऋत्य अलास्कात आणि पलीकडे सायबेरियाच्या टोकाला युपिक लोक राहतात. बाहेरच्यांनी त्यांनाही एस्किमोच म्हटलं होतं, पण त्यांची भाषा निराळी आहे आणि ते इनुइट नाहीत. युपिक या त्यांच्या शब्दाचा अर्थ ‘खरा माणूस’. त्यांना इनुइट म्हणणं म्हणजे बाहेरच्याने ठेवलेलं एक नाव काढून शेजाऱ्याचं नाव चिकटवणं झालं. अलास्कात एस्किमो हा शब्द जास्त काळ टिकला तो याचमुळे. दोघांना मिळून हाक मारायला दुसरा शब्दच नव्हता, आणि तिथल्या काही वयस्क माणसांच्या तोंडी तो अजून सहज येतो. म्हणून मी फळ्यावर एकच नाव लिहित नाही. कॅनडाचा नकाशा असेल तर इनुइट, ग्रीनलंड असेल तर कलाल्लिट, नैर्ऋत्य अलास्का असेल तर युपिक. जुन्या दस्तऐवजात एस्किमो असेल तर ते तसंच ठेवतो, नाहीतर चकतीवर काय छापलं होतं हेच पुढच्यांना कळणार नाही.

हे सगळं मी पुष्कळ वर्षं शिकवलं आणि तरी एकदा वर्गातच घसरलो. गृहपाठ न आणलेला एक मुलगा मान वर करून उभा होता. मी बोलून गेलो, “बेरडासारखा उभा काय राहिलायस?” आपल्या भाषेत बेरड म्हणजे निगरगट्ट, काही लावून न घेणारा. घराघरांत आया म्हणतात. मुलगा गडहिंग्लजकडचा होता. त्याची मान खाली गेली आणि मागच्या बाकावरची दोन पोरं हसली. मला त्या हसण्यावरून समजलं.

बेरड ही आपल्याच जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात राहणारी जमात. कानडीत ‘बेड’ म्हणजे शिकारी, त्यावरून बेडर, आणि मराठीच्या तोंडी बेरड. म्हणजे इथेही मूळ अर्थात काही वावगं नाही. पण या माणसांना रोज पाटलाच्या चावडीवर हजेरी द्यावी लागायची. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून. कोल्हापूर संस्थानात ती हजेरी शाहू महाराजांनी बंद केली. वही बंद झाली, पण वहीतला शब्द आमच्या जिभेवर शिवी होऊन राहिला, आणि मी भूगोलाचा शिक्षक असून तो माझ्याही जिभेवर होता.

मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. काही दिवसांनी त्याचे वडील सवलतीचा फॉर्म घेऊन शाळेत आले. आमच्याकडे बघून हात जोडले, खुर्चीवर बसले नाहीत. विमुक्त जातींच्या सरकारी यादीत नाव आहे ते बेरड, आणि दाखल्यावरही तेच. मी पेन हातात घेऊन त्यांना विचारलं, “काका, जातीच्या रकान्यात काय लिहू?”

“बेरडच लिवा, सर,” ते म्हणाले. “यादीत हाय तसंच पायजे, नायतर फॉर्म माघारी येतोय. हाक मारताना तेवढं नाईक म्हणा.”

मी दोन्ही लिहून घेतलं. एक फॉर्मवर, आणि एक माझ्या हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे.