शब्द बदलले, खूण उरली का? वॉटरमार्कवर केलेले प्रयोग

आमच्या संपादनाच्या कामात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. भाषा मॉडेलने लिहिलेल्या मजकुरात वॉटरमार्क, म्हणजे तो मॉडेलचा आहे हे ओळखता यावं म्हणून घातलेली लपलेली खूण, असेल आणि संपादकाने नेहमीसारखा हात फिरवला, तर ती खूण शिल्लक राहते का? प्रत्येकजण अंदाजाने उत्तर द्यायचा. कोणी म्हणायचं, दोन शब्द बदलले की गेलीच. कोणी म्हणायचं, काहीही करा, ती जात नाही. मी स्वतः करून पाहायचं ठरवलं.

सुरुवात सगळ्यात सोप्या पद्धतीपासून केली. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेली ही 'हिरवी यादी' पद्धत. मॉडेल मजकूर एकेक टोकन करून लिहितं. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. पुढचं टोकन निवडण्याआधी मागचं टोकन आणि एक गुप्त की मिळून एक आकडा काढला जातो. त्या आकड्यावरून सगळा शब्दसंग्रह पिसला जातो आणि त्यातला ठरलेला हिस्सा, समजा पाव, 'हिरवा' ठरतो. मग हिरव्या टोकनांच्या गुणांत थोडी भर घातली जाते. पुढच्या टोकनाला यादी पुन्हा नवी. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही, पण की हातात असलेला माणूस प्रत्येक जागी तीच यादी पुन्हा तयार करून हिरवे मोजू शकतो. त्यासाठी मॉडेलचीही गरज लागत नाही.

ही सोय `transformers` लायब्ररीत तयार मिळते. मी `gpt2` हे छोटं मॉडेल घेतलं आणि इंग्रजी मजकूर लिहून घेतला. कामाचा भाग एवढाच:

```python
wm = WatermarkingConfig(greenlist_ratio=0.25, bias=2.0,
                        seeding_scheme="lefthash")
out = model.generate(**inputs, watermarking_config=wm,
                     do_sample=True, max_new_tokens=201)
det = WatermarkDetector(model_config=model.config, device="cpu",
                        watermarking_config=wm,
                        ignore_repeated_ngrams=True)
res = det(out[:, n:], return_dict=True)
```

इथे `n` म्हणजे आपण दिलेल्या सूचनेची लांबी. तो भाग मॉडेलने लिहिलेला नाही, त्यामुळे मोजणीतून काढायचा. दुसरं, `device` तेच द्यायचं ज्यावर मजकूर तयार झाला. जीपीयूवर पिसण्याचा क्रम आणि सीपीयूवर पिसण्याचा क्रम वेगळा निघतो, आणि मग खूण असूनही स्कोअर शून्याजवळ दिसतो. शेवटचं, `ignore_repeated_ngrams` चालू ठेवणं मला फार गरजेचं वाटतं. मजकुरात एखादी शब्दजोडी वीस वेळा आली आणि ती योगायोगाने हिरवी निघाली, तर तो एकच पुरावा वीसदा मोजला जातो आणि साध्या माणसाच्या लिखाणावर संशय येतो.

आता हिशेब. जोडी म्हणजे एक टोकन आणि त्याच्या मागचं टोकन; पुढचं टोकन हिरवं तर जोडी हिरवी. समजा मोजण्याजोग्या २०० जोड्या आहेत. खूण नसलेल्या मजकुरात पाव म्हणजे ५० हिरव्या अपेक्षित. योगायोगाने हा आकडा थोडा वर-खाली होणारच. त्याचं प्रमाण विचलन २०० × ०.२५ × ०.७५ याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.१२. खूण घातलेल्या मजकुरात १०० हिरव्या सापडल्या, तर ५० जास्तीच्या भागिले ६.१२, झेड-स्कोअर ८.१७. लायब्ररीत ३ च्या वर गेलं की 'खूण आहे' असं उत्तर येतं. ३ वर हजारात एखाददुसरा निर्दोष मजकूर अडकू शकतो, ४ वर लाखात साधारण तीन. कोणावर बोट दाखवायचं असेल तर मी ४ च्या खाली बोलणार नाही, म्हणून पुढचा सगळा हिशेब ४ धरून आहे.

मग संपादनाकडे वळलो. 'त्या जुन्या वाड्यात कोणी राहत नाही' हे वाक्य घ्या आणि सोयीसाठी एक शब्द एक टोकन धरा. 'जुन्या'च्या जागी 'पडक्या' लिहिलं, तर दोन जोड्या जातात: 'त्या-जुन्या' आणि 'जुन्या-वाड्यात'. बदललेल्या शब्दाचा स्वतःचा रंग नव्याने ठरतो, आणि त्याच्या पुढच्या शब्दाची यादीही नवी होते. 'वाड्यात-कोणी' मात्र जशीच्या तशी. म्हणजे खूण शब्दात नसून शेजारात आहे. किती शब्द बदलले यापेक्षा किती शेजार मोडले ते मोजायचं, हे एकदा लक्षात आल्यावर बाकीचे सगळे निकाल आपोआप उलगडत गेले.

वरच्या उदाहरणात ४० टोकन सुटे सुटे बदलले, तर ८० जोड्या मोडतात. उरलेल्या १२० मधल्या ६० हिरव्या, मोडलेल्या ८० मधल्या योगायोगाने २०, एकूण ८०. झेड ४.९. पाचातला एक शब्द बदलूनही खूण उभी आहे! ५० च्या पुढे गेलं की ती ४ च्या खाली घसरते. पण तेच ४० टोकन सलग, एका परिच्छेदात बदलले, तर फक्त ४१ जोड्या मोडतात आणि झेड ६.५ राहतो. आमच्यातल्या बहुतेकांना वाटत होतं की एखादा अख्खा परिच्छेद नव्याने लिहिणं म्हणजे मोठी उलथापालथ. खुणेच्या दृष्टीने जागोजागी पेरलेले किरकोळ बदल कितीतरी जास्त घातक आहेत.

वाक्यांची अदलाबदल केल्यावर तर मी थक्क झालो. पूर्ण क्रम उलटसुलट केला तरी स्कोअर जवळपास हललाच नाही. कारण साधं आहे: वाक्याच्या पहिल्या शब्दाच्या मागे आधीही पूर्णविराम होता आणि आताही पूर्णविरामच आहे. जोडी तीच राहिली.

इथपर्यंत यादी एकाच मागच्या टोकनावर ठरत होती. गुगल डीपमाइंडच्या सिंथआयडी-टेक्स्ट या वॉटरमार्क पद्धतीत, ज्यावरचा लेख २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला, मोजणीची रीत वेगळी आहे, पण सुरुवातीचा तो आकडा मागच्या चार टोकनांवरून ठरतो. चार टोकनांचा शेजार असेल तर चित्र एकदम पालटतं. आता एक टोकन बदललं की ते स्वतः आणि पुढची चार, अशा पाच जागा जातात. दर पाचवं टोकन बदललं, म्हणजे आपले तेच ४० शब्द, तर एकही जागा शाबूत राहत नाही आणि स्कोअर शून्यावर येतो. एका टोकनाच्या शेजारात इतक्याच बदलांनी ४.९ उरला होता. वाक्यं फिरवण्याचा परिणामही इथे थोडा जाणवतो: प्रत्येक वाक्याची पहिली तीन टोकनं जातात, चौथ्यापासून पुढचं सगळं वाचतं.

मग एवढा लांब शेजार घ्यायचाच कशाला? कारण शेजार आखूड असेल तर बराच मजकूर गोळा करून कोणत्या शब्दामागे कोणते शब्द जास्त येतात हे कोणीही मोजू शकतं, आणि यादी हळूहळू बाहेर पडते. एकच कायमची यादी ठेवली तर शेजार मोडण्याचा प्रश्नच मिटतो, पण ती ओळखणं सगळ्यात सोपं. आणि यादी बाहेर पडली की खूण पुसताच येते असं नाही, माणसाच्या मजकुरावर खोटी खूण चढवताही येते. मला या दोन्हींमध्ये दुसरा धोका जास्त गंभीर वाटतो.

काही बदल दिसत नाहीत, पण खूण साफ उडवतात. शब्दांच्या मधे न दिसणारी शून्य-रुंदीची चिन्हं, दिसायला सारखं पण दुसऱ्या लिपीतलं अक्षर, यांमुळे टोकनच वेगळी पडतात. हे पकडणं सोपं आहे, मोजणीआधी मजकूर स्वच्छ करून घ्यायचा. याहून वाईट प्रकार म्हणजे मॉडेललाच प्रत्येक शब्दानंतर एक इमोजी घालायला सांगायचं आणि नंतर सगळे इमोजी काढून टाकायचे. खूण इमोजीच्या शेजारावर बेतलेली, आणि तो शेजारच गेला. स्वच्छतेने हे भरून येत नाही. भाषांतर करून परत मूळ भाषेत आणलं तरी तेच होतं. पूर्ण नव्या शब्दांत लिहिलं तरी मात्र काही शब्दगट जसेच्या तसे राहतात; मेरीलँडच्याच पुढच्या अभ्यासात माणसांनी चांगलं पुनर्लेखन केल्यावरही सरासरी ८०० टोकनांनंतर खूण दिसली, तीही चुकीचा संशय लाखात एक इतका कडक ठेवून.

लांबीचा मुद्दा यातूनच येतो. २०० मधून ५० जोड्यांचा तुकडा कापून घेतला, तर झेड ८.१७ वरून ४.०८ वर येतो, कारण स्कोअर लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. उलट त्या २०० मध्ये माणसाची १००० टोकनं मिसळली, तर एकूण स्कोअर ३.३ होतो. इथे एक उपाय आहे: पूर्ण मजकूर एकदम न मोजता २०० ची खिडकी सरकवत जायचं. पण जितक्या खिडक्या तितक्या योगायोगाच्या संधी, म्हणून उंबरठा वर न्यावा लागतो.

आणि कधी कधी खूण मुळात बसतच नाही. `bias=2.0` मुळे हिरव्या टोकनांचं पारडं सुमारे ७.४ पट जड होतं. पुढे काहीही येऊ शकेल अशा जागी हिरव्यांचा वाटा पावावरून ७१ टक्क्यांवर जातो. पण जिथे एकच शब्द ९९ टक्के ठरलेला आहे आणि तो हिरवा नाही, तिथे भर घातल्यावरही तो ९३ टक्के वेळा तसाच येतो. कायद्याचं कलम, पाठ असलेली ओळ, संगणकाचा कोड यांत अशाच जागा जास्त. मराठीतही `gpt2` वापरून पाहिलं. त्याच्या टोकनायझरमध्ये देवनागरी शब्दाचे खूप तुकडे पडतात. प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं आणि ते अनेकदा फुटतं. शब्द एकदा सुरू झाला की पुढचे तुकडे बरेचसे ठरलेले, त्यामुळे टोकनांची संख्या फुगते पण निवडीच्या जागा तितक्या वाढत नाहीत.

आता आमच्याकडे तपासणीच्या नोंदीत स्कोअरसोबत चार गोष्टी लिहिल्या जातात: मोजलेल्या जोड्या, शेजाराची लांबी, मजकूर कोणत्या प्रकारचा आहे आणि तो संपादनाआधीचा की नंतरचा. स्कोअर ४ च्या खाली असेल तर नोंद 'खूण सापडली नाही' एवढीच होते. 'माणसाने लिहिलं' हा रकाना आम्ही काढून टाकला आहे, कारण ५० जोड्यांचा तुकडा, पूर्ण पुनर्लेखन आणि खूण न घालणारं मॉडेल, तिघांचाही स्कोअर तिथेच येऊन बसू शकतो.