कट झाल्यावरचे पेट्रोल : मायलेज नोंदवहीतील सहावा भाग

मागील भागात मी लिहिले होते की, टाकी दर वेळी अगदी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय ‘टाकी ते टाकी’ पद्धतीने काढलेले मायलेज विश्वासार्ह नसते. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. गेल्या दोन महिन्यांत माझ्या आठ वर्षे जुन्या, ३५ लिटर टाकीच्या पेट्रोल हॅचबॅकने मला त्याचे कारण पुरेशा स्पष्टपणे दाखवून दिले.

लक्षण एप्रिलमध्ये सुरू झाले. टाकी भरून पंपावरून निघताना स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागे, इंजिन चालू होऊन लगेच बंद पडे, आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला तरच टिके. पाच-सात मिनिटांनी सारे सुरळीत होई. टाकी अर्धी असताना मात्र हा त्रास कधीच होत नसे. फ्युएल पंप किंवा इंजेक्टर बिघडला असता, तर त्याने टाकी भरण्याचा मुहूर्त पाहिला नसता. शिवाय उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला होता, आणि तपासाला दिशा मिळाली ती त्या वासामुळेच.

माझ्या गाडीत कॅनिस्टर तिथेच, टाकीच्या शेजारी आहे. हा कोळशाच्या दाण्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा असतो. टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ हवेत सोडण्याऐवजी नळीने या डब्यात आणली जाते, तिथे ती सक्रिय कोळशाला चिकटून राहते, आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इनटेकच्या ओढीने डब्यातून ताजी हवा जाऊन ती वाफ इंजिनात जळते. डब्याचे दुसरे तोंड हवेकडे उघडे असते. या व्यवस्थेचे सारे गणित एका गृहीतकावर उभे आहे : डब्यात येईल ती वाफच येईल, द्रव नाही.

द्रव तिथे पोहोचतो कसा, हे समजण्यासाठी कट, म्हणजे पंपाच्या नोझलचे आपोआप बंद होणे, कसा होतो ते पाहावे लागते. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असताना नोझलच्या आतील अरुंद जागेत निर्वात तयार होतो आणि या छिद्रातून हवा ओढली जात राहते. पेट्रोल छिद्रापर्यंत चढले की हवेची वाट बंद होते, निर्वात वाढतो, आतला पडदा खेचला जातो आणि खिटी सुटते. म्हणजे नोझलला टाकी किती भरली हे कळतच नाही, त्याला फक्त नळीत पेट्रोल वर चढलेले कळते. ते वर चढावे याची तजवीज टाकी बनवणाऱ्याने केलेली असते. ठरलेल्या पातळीला टाकीतील तरंगता व्हॉल्व्ह वाफेची मुख्य वाट बंद करतो, अडकलेल्या वाफेचा दाब वाढतो आणि पेट्रोल भरण नळीत मागे येते. वर उरलेली जागा रिकामी दिसली तरी ती राखीव आहे, वाफेसाठी आणि उष्णतेने फुगणाऱ्या पेट्रोलसाठी.

कट झाल्यावर मिनिटभर थांबले की हा दाब बारीक वाटेने हळूहळू ओसरतो, नळीतील पेट्रोल खाली उतरते आणि टाकी आणखी घेते. पंपावरील मुलगा “साहेब, राउंड फिगर करू का?” असे विचारतो तेव्हा भरले जाते ते या राखीव जागेत. मी तर मापाच्या अचूकतेच्या नावाखाली तीन-चार कट घेत असे. नोंदवहीत पहिल्या कटचा आकडाही लिहिलेला असल्याने हिशेब लागतो : सरासरी १.४ लिटर जास्त.

मे महिन्यातील एक भरणा तपशिलाने पाहू. जमिनीखालच्या टाकीतून आलेले पेट्रोल साधारण २८ अंशांचे धरू. गाडी दुपारभर उन्हात उभी राहून टाकीतील पेट्रोल ४३ अंशांवर गेले, तर १५ अंशांची वाढ झाली. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.०९५ टक्के फुगते, म्हणजे राखीव जागेसह भरलेल्या ३६ लिटरमागे जवळपास अर्धा लिटर. त्यासाठी ठेवलेली जागा मी आधीच भरून टाकली होती. त्यात चढावर उभी गाडी किंवा एखादे जोराचे वळण, आणि द्रव पेट्रोल वाफेच्या नळीत शिरते.

तपासणीत पहिली गोष्ट केली ती ईसीयूतील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, आकडे दाखवणारा ओबीडी रीडर लावण्याची. टाकी भरल्यानंतर आयडलवर शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजेक्टरच्या पेट्रोलमधील तात्कालिक दुरुस्ती, उणे १९ टक्क्यांपर्यंत जात होता, म्हणजे इंजिनात कुठून तरी हिशेबाबाहेरचे इंधन येत होते आणि ईसीयू इंजेक्टरचे पेट्रोल कमी करत होता. पर्जची नळी काढून दोन्ही तोंडे टोपीने बंद केल्यावर ट्रिम उणे २ वर आला. ती नळी पांढऱ्या कागदावर झटकली तेव्हा पेट्रोलचे थेंब पडले आणि त्याबरोबर चार-पाच काळे कण. वाफेच्या नळीतून थेंब पडणे हाच निकाल होता. इंजिन चेकचा दिवा या सगळ्या काळात एकदाही पेटला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये.

कॅनिस्टर उतरवून काट्यावर ठेवला तर १,१३० ग्रॅम भरला. आठवडाभर उघड्या, सावलीच्या गच्चीवर, ठिणगी आणि आगीपासून दूर ठेवल्यावर तो ९२० ग्रॅमवर आला. २१० ग्रॅम म्हणजे सुमारे २८० मिलिलिटर पेट्रोल. (उष्णता देऊन सुकवण्याचा मोह कोणालाही होऊ नये.) पण वजन उतरले म्हणून डबा सुधारला असे नाही. भिजलेल्या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत जड घटक बसून राहतात, ते साध्या हवेने निघत नाहीत, आणि दाण्यांचा चुरा पुढे पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतो. माझा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असायला हवा होता, पण हातपंपाने हवा दिली तर ती सरळ पलीकडे जात होती. अखेर दोन्ही भाग बदलावे लागले.

वाया गेलेल्या पेट्रोलबद्दल थोडे तारतम्याने बोलले पाहिजे. इंजिनाने ओढलेला भाग जळतो, तो पूर्ण फुकट जात नाही. फुकट जाते ते झाकणावरून ओघळलेले आणि भिजलेल्या डब्याच्या उघड्या तोंडातून उडालेले, कारण भरलेला कोळसा नवी वाफ धरू शकत नाही. जिथे पंपावर वाफ परत ओढणारे नोझल असते, तिथे आणखी एक गंमत आहे : कटनंतर रेटलेले द्रव त्या ओढीत सापडून पंपाच्या टाकीकडे परत जाऊ शकते, आणि मीटरने ते तुमच्या नावावर आधीच मोजलेले असते.

राहिला मापाचा प्रश्न. पहिला कट भरण्यागणिक अर्धा लिटर मागेपुढे होतो हे खरे, आणि ३० लिटरच्या एका भरण्यात ती चूक पावणेदोन टक्क्यांची होते. परंतु एकदा कमी भरलेले पुढच्या वेळी आपोआप जमा होते. त्यामुळे दहा भरण्यांची, म्हणजे ३०० लिटरची बेरीज घेतली तर चूक फक्त पहिल्या आणि शेवटच्या कटची उरते, ती अर्ध्या टक्क्याच्याही आत. वहीतील जुने आकडे पहिल्या कटवर पुन्हा मांडले, तेव्हा वर्षाची सरासरी १७.६ वरून १७.७ झाली. या दशांशासाठी मी एक कॅनिस्टर आणि एक व्हॉल्व्ह खर्ची घातला होता.

नवे भाग बसवून चार भरणे झाले आहेत, सर्व पहिल्या कटवर. टाकी भरल्यानंतर गाडी पहिल्या झटक्यात चालू होते आणि ट्रिम उणे ३ ते अधिक २ या पट्ट्यात आहे. दहावा भरणा झाला की पुढचा तक्ता मांडेन.